एक प्रश्न, एकच काम: पाच गुणांचा प्रश्न कसा लिहावा

दहावीच्या सराव परीक्षेत मी एकदा हा प्रश्न घातला होता: 'पाण्याच्या असंगत आचरणाचे स्पष्टीकरण देऊन त्याचे महत्त्व लिहा. (५)' पेपर काढताना त्यात मला काहीच खटकले नव्हते. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडला तेव्हा मात्र अडलो. एका मुलीने होपच्या उपकरणाची सुरेख आकृती काढून सगळा प्रयोग लिहिला होता. एकाने तापमान आणि आकारमानाचा आलेख काढला होता. तिसऱ्याने गोठलेल्या तळ्यातले मासे जिवंत का राहतात ते पानभर लिहिले होते. चौथ्याने थंड प्रदेशात फुटणारे पाण्याचे नळ आणि खडकांना पडणाऱ्या भेगा. विषय चौघांनाही समजलेला होता आणि चौघांनी चार वेगळे प्रश्न सोडवले होते.

प्रयोग लिहिणाऱ्या मुलीला मी ३ गुण दिले, कारण 'महत्त्व' तिने लिहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी ती विचारायला आली: "सर, स्पष्टीकरणाला किती गुण होते आणि महत्त्वाला किती?" माझ्याकडे उत्तर नव्हते. ते मी ठरवलेच नव्हते. तिचे २ गुण तिच्या अभ्यासामुळे गेले नव्हते, माझ्या वाक्यामुळे गेले होते.

तेव्हापासून मी दीर्घोत्तरी प्रश्न ज्या पद्धतीने लिहितो, ती याच प्रश्नावर दाखवतो. एक-दोन गुणांच्या प्रश्नांत होणाऱ्या चुका लहान असतात, त्यांचे मी पुढे थोडक्यात सांगेन. पाच गुणांच्या प्रश्नात मात्र चूक झाली तर मुलाची पंधरा मिनिटे जातात. बोर्डाचा विज्ञानाचा एक भाग ४० गुणांचा आणि २ तासांचा असतो, म्हणजे एका गुणाला ३ मिनिटे. पंधरा मिनिटे चुकीच्या दिशेला गेलेल्या मुलाकडे परत येण्याइतका वेळ उरत नाही.

आधी गुणदान, मग प्रश्न

आपण बहुतेक जण प्रश्न लिहितो आणि आदर्श उत्तर पेपर झाल्यावर, तपासणीच्या आदल्या रात्री लिहितो. हा क्रम उलटा करा. कोऱ्या कागदावर प्रथम १ ते ५ आकडे घाला आणि प्रत्येकासमोर एक वाक्य लिहा: हा गुण मी मुलाला नेमका कशासाठी देणार?

माझ्या प्रश्नासाठी हे करायला बसलो तेव्हा लगेच दिसले की माझ्या मनात पाच नव्हे, नऊ गोष्टी होत्या: व्याख्या, ४ °से. हे तापमान, आकृती, प्रयोगाची कृती, निरीक्षण, आलेख, मासे, नळ, खडक. एवढे सगळे पाच गुणांत बसत नाही, म्हणून मुलांनी आपापल्या अंदाजाने त्यातले काहीतरी उचलले. निवड मी करायची होती, ती मी त्यांच्यावर सोडली होती.

म्हणून विचार केला, मला काय तपासायचे आहे? पाण्याची घनता ४ °से. ला सर्वाधिक असते हे वाक्य पाठ आहे का, ते एका गुणाच्या प्रश्नातही विचारता येते. पाच गुण खर्च करायचे तर त्या माहितीवरून मूल तर्क करू शकते का, ते पाहावे. होपचा प्रयोग हा वेगळा प्रश्न आहे, तो यात नको. आता पाच ओळी अशा झाल्या:

१. १० पासून ४ °से. पर्यंत थंड होताना पाण्याचे आकारमान कमी होते.
२. त्यामुळे घनता वाढते आणि ते खालच्या पाण्यापेक्षा जड होऊन तळाकडे जाते.
३. ४ पासून ० °से. पर्यंत थंड होताना आकारमान वाढते.
४. त्यामुळे घनता कमी होते आणि ते पृष्ठभागावरच राहते.
५. वर बर्फ असताना तळाजवळचे पाणी सुमारे ४ °से. ला असते.

या यादीत एक जागा जपण्यासारखी होती. नळ फुटण्याचे उदाहरण मुले हमखास लिहितात. पण ४ पासून ० °से. पर्यंत पाणी अगदी थोडे प्रसरण पावते. नळ फुटतो तो मुख्यतः पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते म्हणून. 'असंगत आचरणाचे महत्त्व' या शब्दांत दोन्ही घटना ढोबळपणे बसतात, आणि मग एक परीक्षक ते उदाहरण मान्य करतो, दुसरा काट मारतो. असा वादाचा मुद्दा यादीत आला तर तो प्रश्नाबाहेर ठेवा, किंवा गुणदानात स्पष्ट लिहा की मान्य आहे की नाही. मी तो बाहेर ठेवला आणि प्रश्न तळ्यापुरता बांधला.

क्रियापद एकच अर्थ सांगणारे हवे

'स्पष्टीकरण द्या', 'माहिती लिहा', 'चर्चा करा', 'टीप लिहा', 'प्रकाश टाका': या शब्दांवरून मुलाला काम कळत नाही, फक्त लांबी कळते. 'टीप लिहा' हा तर शाळेत रुळलेला प्रकार आहे, आणि दोन गुणांच्या टिपेत नेमके काय अपेक्षित आहे हे दोन शिक्षकांना विचारले तर दोन उत्तरे येतात. टीपच विचारायची असेल तर तिला मुद्दे द्या: 'पुढील मुद्द्यांच्या आधारे टीप लिहा: व्याख्या, एक उदाहरण.'

मी थोडीच क्रियापदे वापरतो आणि त्यांचा अर्थ वर्षाच्या सुरुवातीला वर्गात सांगून ठेवतो. 'नावे लिहा' म्हणजे फक्त नावे, वाक्याची गरज नाही. 'वर्णन करा' म्हणजे काय दिसते किंवा काय घडते ते क्रमाने, कारण न देता. 'कारण लिहा' म्हणजे का घडते. 'फरक लिहा' म्हणजे एकाच मुद्द्यावर दोन्ही बाजू. 'आकृती काढून नावे द्या' म्हणजे आकृतीलाही गुण आहेत आणि नावांनाही.

'फरक' मागताना मुद्दा पकडून मागितला तर तपासणी सोपी होते. 'उकळणे आणि बाष्पीभवन यांतील दोन फरक लिहा' या प्रश्नाला मूल डावीकडे 'ठरावीक तापमानाला होते' आणि उजवीकडे 'फक्त पृष्ठभागावर होते' असे लिहिते. दोन्ही विधाने बरोबर, पण एकमेकांसमोरची नाहीत, म्हणजे फरक दाखवलाच गेला नाही. 'तापमान आणि द्रवातील ठिकाण या मुद्द्यांवर फरक लिहा' असे विचारले की हा घोळ होत नाही.

प्रश्नाचा पहिला मसुदा आणि त्यातली गळती

गुणदानाच्या पाच ओळींवरून मी प्रश्न असा लिहिला:

एका तळ्यातील सर्व पाण्याचे तापमान १० °से. आहे. हवेचे तापमान ० °से. च्या खाली जाते आणि अनेक दिवस तसेच राहते.
(अ) पाण्याची घनता कोणत्या तापमानाला सर्वाधिक असते? (१)
(आ) पृष्ठभागावरील पाणी १० °से. पासून ४ °से. पर्यंत थंड होताना तळाकडे का जाते? (१)
(इ) सर्व पाणी ४ °से. ला आल्यानंतर पृष्ठभागावरील पाणी आणखी थंड होते. ते तळाकडे जाईल की पृष्ठभागावरच राहील? (१)
(ई) (इ) च्या उत्तराचे कारण लिहा. (१)
(उ) पृष्ठभागावर बर्फ असताना तळाजवळील पाण्याचे तापमान किती असेल? (१)

पहिल्या प्रश्नापेक्षा हा कितीतरी बरा आहे, पण अजून वर्गात नेण्याजोगा नाही. दोष कुठे कुठे आहेत ते एकेक पाहू.

(अ) चे उत्तर (आ) मध्ये छापलेले आहे. ४ °से. हा आकडा दोनदा डोळ्यांसमोर आहे, तेव्हा (अ) चा गुण वाचणाऱ्याला फुकट मिळतो. उपप्रश्नांच्या साखळीत ही गळती फार वेळा होते आणि लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही, कारण त्याला उत्तर आधीच माहीत असते. पकडायचा उपाय साधा आहे: शेवटच्या उपप्रश्नापासून उलट वाचत वर या आणि प्रत्येक ठिकाणी विचारा, यातल्या एखाद्या शब्दाने वरचे उत्तर उघड झाले का?

(इ) मध्ये दोनच पर्याय आहेत. डोळे मिटून एक लिहिले तरी निम्म्या वेळा गुण मिळेल. त्याहून वाईट म्हणजे (इ) चुकला की (ई) ही जातो: एका चुकीला दोन गुणांची शिक्षा. उपप्रश्न एकमेकांवर टेकलेले असतील तर एक चूक किती ठिकाणी मोजायची ते आधी ठरवावे लागते. साखळी तोडता येत असेल तर तोडावी, म्हणजे त्या हिशोबाची वेळच येत नाही.

(आ) ला गुण एक आणि माझ्या यादीत त्यासाठी मुद्दे दोन, आकारमान आणि घनता. 'घनता वाढते' एवढेच लिहिणाऱ्या मुलाला गुण द्यायचा की नाही, हा प्रश्न पुन्हा तपासणीच्या टेबलावरच आला असता.

दुरुस्त प्रश्न

एका तळ्यातील सर्व पाण्याचे तापमान १० °से. आहे. हवेचे तापमान ० °से. च्या खाली जाते आणि अनेक दिवस तसेच राहते. पाण्याची घनता ४ °से. ला सर्वाधिक असते.
(अ) पृष्ठभागावरील पाणी १० °से. पासून ४ °से. पर्यंत थंड होत असताना तळाकडे जाते. पाण्याच्या आकारमानात व घनतेत होणारा बदल सांगून याचे कारण लिहा. (२ गुण)
(आ) तळ्यातील सर्व पाणी ४ °से. ला आल्यानंतर पृष्ठभागावरील पाणी ४ °से. पासून ० °से. पर्यंत थंड होते, तरी ते पृष्ठभागावरच राहते. पाण्याच्या आकारमानात व घनतेत होणारा बदल सांगून याचे कारण लिहा. (२ गुण)
(इ) पृष्ठभागावर बर्फाचा थर असताना तळाजवळील पाण्याचे तापमान सुमारे किती असेल? फक्त तापमान लिहा. (१ गुण)

४ °से. ची माहिती मी प्रश्नातच देऊन टाकली. काही सहकाऱ्यांना हे पटले नाही: "मग मुलाने करायचे काय?" करायचे ते हेच, त्या एका वाक्यावरून तळ्यात काय घडेल ते सांगायचे. आकडा विसरलेल्या मुलालाही तर्क दाखवायची संधी मिळते. आकडा पाठ आहे का तेच पाहायचे असेल तर तो पेपरच्या दुसऱ्या कोपऱ्यात एका गुणाला विचारता येतो, फक्त मग या प्रश्नात तो छापलेला आहे हे लक्षात ठेवून तिथून काढावा लागेल.

'आकारमानात व घनतेत' हे शब्द मुद्दाम घातले आहेत. दोन गुण कोणत्या दोन गोष्टींचे ते मुलाला वाक्यातच दिसते आणि परीक्षकालाही. 'फक्त तापमान लिहा' यामुळे एका गुणासाठी कोणी परिच्छेद लिहीत नाही.

गुणदानाच्या पानावर मी आणखी दोन ओळी लिहितो. एक, काय चालेल: (अ) मध्ये 'आकारमान' ऐवजी 'पाणी आकुंचन पावते' लिहिले तरी गुण द्यावा. दुसरी, काय चालणार नाही: 'थंड पाणी जड असते' एवढ्याच वाक्याला घनतेचा गुण नाही, कारण (आ) मध्ये तेच वाक्य चुकीचे ठरते.

गुण कुठे आणि कसे छापावेत

'प्र. २ (ब) कोणतेही तीन प्रश्न सोडवा. (६)' असे छापले की प्रत्येकाला २ गुण हे मुलाने भागाकार करून ओळखायचे. सगळे प्रश्न सारख्या गुणांचे असतील तोवर हे खपते. 'कोणतेही तीन (प्रत्येकी २ गुण, एकूण ६)' लिहायला चारच शब्द जास्त लागतात. पाच गुणांच्या प्रश्नात मात्र एकूण ५ लिहून थांबू नका, प्रत्येक उपप्रश्नाच्या शेवटी त्याचे गुण हवेत आणि त्यांची बेरीज ५ यायला हवी. छपाईआधी कुणीतरी ही बेरीज खरोखर करावी, कारण शेवटच्या क्षणी एखादा उपप्रश्न बदलला की तीच आधी बिघडते.

मराठीत गुणांचा सगळ्यात मोठा घोळ 'व' करतो. 'हवा प्रदूषणाची दोन कारणे व उपाय लिहा. (४)' यात दोन कारणे आणि कितीही उपाय? दोन कारणे आणि दोन उपाय? की दोन्ही मिळून दोन? संख्या दोन्हीकडे लिहा: 'दोन कारणे लिहा. (२) दोन उपाय लिहा. (२)' एका वाक्यात दोन कामे आली की त्यांची दोन वाक्ये करा. दुसरे काम विसरून पुढे जाणारी मुले यानेच कमी होतात.

'थोडक्यात' या शब्दावर माझा विश्वास राहिलेला नाही. एका मुलाचे थोडक्यात म्हणजे दोन ओळी, दुसऱ्याचे एक पान. 'दोन ते तीन वाक्यांत' लिहिले की दोघेही एकच वाचतात. 'कोणतेही दोन' विचारून मुलाने तिन्ही सोडवले तर पहिले दोन धरायचे की ज्यांना जास्त गुण पडतात ते दोन, हेही आधी ठरवून मुखपृष्ठावरच्या सूचनांत लिहावे.

लहान प्रश्नांतल्या दोन जागा सांगून ठेवतो. 'पाणी ____ उकळते' ही रिकामी जागा '१०० °से. ला' नेही भरते आणि 'उष्णतेने' नेही. व्याकरणाने दोन्ही बसतात. रिकामी जागा एककासह द्या: 'समुद्रसपाटीला पाणी ____ °से. तापमानाला उकळते.' आणि 'चूक की बरोबर ते सांगून चुकीचे विधान दुरुस्त करा' यात बहुतेक मुले विधानात फक्त 'नाही' घालतात. ती दुरुस्ती मान्य नसेल तर 'अधोरेखित शब्द बदलून विधान दुरुस्त करा' असे लिहा.

'किंवा' चा प्रश्न

पाच गुणांच्या प्रश्नाला पर्याय द्यायचा असेल तर दोन्ही प्रश्नांची गुणदान पाने शेजारी ठेवून पाहा. एकात पाठ केलेली आकृती आणि नावे, दुसऱ्यात तर्क, असे झाले तर हुशारीने निवड करणाऱ्याला फायदा होतो. माझ्या तळ्याच्या प्रश्नाला पर्याय म्हणून होपच्या उपकरणाचा प्रश्न दिला, तर तोही तर्काचा हवा: उपकरणाची आकृती देऊन, मध्यभागी गोठणमिश्रण घातल्यावर आधी खालच्या तापमापीतले तापमान ४ °से. पर्यंत उतरून स्थिर का होते आणि नंतर वरच्यातले ० °से. पर्यंत का उतरते, हे विचारावे. आकृती काढायला सांगितली तर एका मुलाची पाच-सहा मिनिटे केवळ रेघा ओढण्यात जातात, दुसऱ्याची जात नाहीत.

छपाईआधीची तपासणी

प्रश्न तयार झाला की मी तो विज्ञान न शिकवणाऱ्या सहकाऱ्याला देतो, बहुधा भाषेच्या बाईंना. उत्तर विचारत नाही. एवढेच विचारतो, "मुलाने इथे काय काय करायचे आहे, मोजून सांगा." त्यांनी मोजलेली कामे आणि माझे गुण जुळले नाहीत तर दोष वाक्यात आहे. तळ्याच्या मसुद्यात (आ) साठी त्यांनी 'एक काम' म्हटले होते, आणि माझ्या पानावर दोन मुद्दे होते. ती चूक अशी सापडली.

मराठी आणि सेमी-इंग्रजी तुकड्यांना एकच पेपर असेल तर दोन्ही प्रती ओळीने शेजारी ठेवून वाचाव्यात. एका पेपरात इंग्रजी प्रतीत 'मास' होते आणि मराठीत 'वजन' छापले गेले. विज्ञानात ही दोन वेगळ्या राशींची नावे आहेत, म्हणून दोन तुकड्यांनी दोन वेगळी गणिते सोडवली.

शेवटची तपासणी परीक्षा झाल्यावर, पण गुण टाकण्याआधी. गठ्ठ्यातल्या कोणत्याही पाच उत्तरपत्रिकांवर तुम्ही आणि दुसरा शिक्षक, एकमेकांचे गुण न पाहता, फक्त हा प्रश्न तपासा. एखाद्या उपप्रश्नात दोघांचे गुण वेगळे आले तर तिथले उत्तर पुन्हा वाचा आणि गुणदानाच्या पानावर एक ओळ वाढवा, मग उरलेला गठ्ठा हातात घ्या. सुधारलेल्या प्रश्नावर आम्ही हे केले तेव्हा फरक एकाच जागी पडला. एका मुलाने (इ) ला '३ ते ४ °से.' लिहिले होते. प्रश्नात मी 'सुमारे' लिहिले होते, म्हणून ते मान्य केले आणि पुढच्या वर्षीच्या प्रतीत 'सुमारे किती' ऐवजी 'किती अंशांच्या जवळपास असेल? एकच संख्या लिहा' असे केले.